साठचे अडुसष्ट

जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या लॅबमधलं हे प्रकरण आहे. कंपनीचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. लॅबप्रमुखांना तिथे सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणतात, मीही तेच म्हणतो. मी संभाजीनगरहून येऊन-जाऊन छोट्या कारखान्यांची एचआरची कामं बघतो, म्हणजे हजेरी, भरती, भांडणं आणि कोण का सोडून गेलं याचा शोध. इथे बोलावणं आलं ते याच शेवटच्या कामासाठी. तीन महिन्यांत लॅबमधली दोन पोरं सोडून गेली होती, तीही ऐन हंगामाच्या तोंडावर. दोघांनी कारण एकच दिलं, ‘घरची अडचण’. त्यातला एक मात्र गावातच, एका रोलिंग मिलच्या वजनकाट्यावर कमी पगारात बसलेला शेठना दिसला. घरची अडचण अशी नसते, एवढं शेठना कळलं.

आधी लॅबचं काम थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट एका आकड्यावर फिरते.

सोयाबीनचं बी विकायचं तर उगवण किमान ७० टक्के लागते. ती मोजायला प्रत्येक लॉटमधून ४०० बिया घेतात आणि शंभर-शंभरचे चार भाग करतात. ओल्या टॉवेल पेपरवर बिया मांडून पेपरची गुंडाळी करतात आणि जर्मिनेटरमध्ये २५ अंशांना उभी ठेवतात. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. गुंडाळी उघडून एकेक रोप बघायचं. मूळ, खोड, दले धड असली तर नॉर्मल, मूळ तुटकं किंवा खुरटं असलं तर ॲबनॉर्मल, कुजलं तर मेलेलं. सोयाबीनचं साल पातळ, मळणीत जरा मार बसला की आतला अंकुर दुखावतो, त्यामुळे ॲबनॉर्मल रोपं भरपूर निघतात. आणि नॉर्मल कुठे संपतं नि ॲबनॉर्मल कुठे सुरू होतं, हे शेवटी मोजणाऱ्याच्या नजरेवर असतं.

चार भागांचे आकडे एकमेकांच्या जवळपास यायला हवेत. किती जवळ, याचा तक्ता असतो. सरासरी ७४ असेल तर सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यात १७ पर्यंतचा फरक चालतो. समजा आकडे आले ८२, ७८, ७६ आणि ६०. सरासरी ७४, म्हणजे लॉट पास. पण ८२ आणि ६० मध्ये २२ चा फरक आहे. याचा अर्थ त्या चौथ्या भागात काहीतरी बिघडलंय. रात्री वीज गेली असेल, पंख्याजवळच्या गुंडाळ्या सुकल्या असतील किंवा बुरशी आली असेल. अशा वेळी निकाल द्यायचा नाही, चाचणी पुन्हा लावायची. आणखी आठ दिवस.

या लॅबमध्ये ‘पुन्हा’ लावायचं तर मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सांगावं लागायचं आणि त्यांची सही घ्यावी लागायची.

मॅडम कामात पक्क्या. शिक्षण परभणीच्या कृषी विद्यापीठातलं, चौदा वर्षांचा अनुभव, गुंडाळी उघडली की वासावरून बुरशी ओळखतील अशा. घर अंबड तालुक्यात, वडिलांची कोरडवाहू शेती, आणि घराण्यात शिकून नोकरीला लागलेली ही पहिली मुलगी. सकाळी साडेआठला हजर. कुणाचा पगार अडला तर शेठशी भांडायला पुढे. हे सगळं मला पहिल्याच दिवशी लॅबमधल्या माणसांनीच सांगितलं. बोलण्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. विचारलं की, ‘नाही हो, मॅडम चांगल्या आहेत.’ नऊ जणांकडून तेच वाक्य, जवळपास त्याच शब्दांत. एवढं एकमत मला कधीच बरं वाटत नाही.

म्हणून निनावी फॉर्म भरून घ्यायचं ठरलं. मोबाइलवर फॉर्म पाठवावा असं शेठचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. लिंक उघडली की आपलं नाव कळतं, असं तिथे पक्कं धरून चालतात, आणि ते काही अगदीच खोटं नाही. मग कागद. पण कागदाची वेगळी गंमत होती. हीच माणसं रोज लॉटच्या रजिस्टरमध्ये आकडे भरतात आणि मॅडम रोज ते तपासतात. कुणाचा ५ कसा आणि कुणाचा ९ कसा, हे त्यांना तोंडपाठ. त्यामुळे दहा विधानांपुढे १ ते ५ मध्ये फक्त टिकमार्क करायची, पेनं सगळ्यांना एकसारखी निळी, आणि मोकळ्या दोन प्रश्नांची उत्तरं मी टाइप करून मूळ कागद फाडणार, असं सगळ्यांसमोर सांगितलं. तसंच केलं.

टाइप करताना मी भाषाही घासून घेतली. मराठवाडा बाहेरच्याला एकच वाटतो, पण ‘बोलायल्या’, ‘यायलेत’ म्हणणारा माणूस नांदेड-लातूरकडचा, हे जालन्यात कुणीही सांगेल. नऊ जणांत तसे एक-दोनच असतील तर त्या एका क्रियापदावर माणूस सापडतो. म्हणून सगळी उत्तरं छापील मराठीत केली. याचा मला तेव्हा अभिमानही वाटला होता. चूक वेगळीकडेच झाली. तिच्याकडे येतोच.

निकाल असा होता. ‘मॅडमना काम येतं’ याला आठ जणांनी ५ आणि एकाने ४ दिले. ‘चूक झाली तर मी न घाबरता सांगू शकतो’ याला दोन जणांनी १, पाच जणांनी २ आणि दोघांनी ५. सरासरी २.४. पण इथे सरासरी बघायचीच नसते, कारण २.४ असं वाटणारा माणूस त्या लॅबमध्ये एकही नाही. सात जण घाबरतात आणि दोघं अजिबात घाबरत नाहीत. याच विधानाला मॅडमनी स्वतःला ४ दिले होते.

आणि मोकळी उत्तरं. त्यातली काही:

‘डोकं घरी ठेवून आलात का, असं ड्रायव्हरसमोर विचारतात. ड्रायव्हर नंतर आम्हाला तेच विचारतो.’

‘समजत नसेल तर शेतात जा म्हणतात. माझे वडील शेतातच आहेत. आपण बी कुणासाठी तपासतो?’

‘रजिस्टर न बघता परत ढकलतात. काय चुकलं ते सांगत नाहीत. शिव्या दिल्या तरी चालतील, पण सांगा.’

आणि हे:

‘एका लॉटचा एक आकडा फार खाली आला होता. पुन्हा लावायला पाहिजे होतं. केबिनमध्ये जायची हिंमत झाली नाही. साठचे अडुसष्ट केले.’

म्हणजे आठ ॲबनॉर्मल रोपं नॉर्मलच्या रकान्यात सरकवली. वरच्या उदाहरणात घालून बघा. ८२, ७८, ७६, ६८. सरासरी ७६, फरक १४. तक्त्यात बसतं, कुणाला संशय यायचं कारण नाही. तुटक्या मुळाच्या आठ रोपांना धड म्हटलं की झालं, आणि गुंडाळ्या तर त्याच संध्याकाळी कचऱ्यात जातात.

हे उत्तर मी जसंच्या तसं ठेवलं. माझ्या कामातली ही चूक मी अजून विसरलेलो नाही. अक्षर लपवलं, बोली लपवली आणि आकडा ठेवला! त्या लॅबमध्ये प्रत्येक मोजणीपुढे मोजणाऱ्याची सही असते. आकडा म्हणजेच सही.

मॅडमना कागद शुक्रवारी दुपारी दिला. त्यांनी दोनदा वाचला. पहिलं वाक्य आलं, ‘दोघांनी पाच दिलेत ना?’ दुसरं, ‘मग मी काय लाडीगोडी लावत फिरू? इथं एक लॉट चुकला तर शेतकऱ्याचा हंगाम जातो.’ तिसरं जरा थांबून आलं, ‘शेतात जा, हे मी चेष्टेत म्हणते. माझे अण्णा मलाच म्हणायचे, अभ्यास जमत नसेल तर खुरपं घे.’

मी गप्प राहिलो. इथे समजावत बसू नये, असा माझा अनुभव आहे. कागद वाचल्यावर पहिल्या तासात माणूस जे बोलतो, ते कागदाबद्दल नसतंच. आणि त्यांच्या तिसऱ्या वाक्यात मला एक गोष्ट दिसली. अण्णांच्या तोंडी ते वाक्य म्हणजे ‘तू शिक’ होतं. केबिनमधून तेच वाक्य आलं की त्याचा अर्थ ‘तू तिथलाच’ असा होतो. शब्द तेच, पण बोलणाऱ्याच्या हातात समोरच्याचा पगार आहे.

रात्री साडेदहाला त्यांचा फोन. ‘एप्रिलचं रजिस्टर घरी आणलंय. अडुसष्ट तीन लॉटांत आहे. सह्या दोघांच्याच आहेत. त्यातला एक कोण, ते मला कळलंय.’

मला घाम फुटला. आधी माझी चूक कबूल केली, की तो आकडा मी ठेवायला नको होता. मग विचारलं, ‘समजा तुमचा अंदाज बरोबर आहे. सोमवारी काय करणार?’

‘काय म्हणजे? बोलावून सांगणार, की मला राग नाही, बिनधास्त सांगत जा.’

बाईंच्या मनात खोट नव्हती, आणि अडचण तीच होती. रागाने बोलावलं असतं तर मी रोखू शकलो असतो, पण प्रेमाने बोलावण्यात काय वाईट, हे पटवून देणं अवघड. पण केबिनचं दार बंद झालं की बाहेरच्या आठ जणांना आत काय चाललंय ते ऐकू येत नाही. त्यांना फक्त इतकंच दिसतं की फॉर्म भरले आणि तिसऱ्या दिवशी एकाला बोलावलं. त्यानंतर त्या लॅबमध्ये फॉर्म येत राहतील, पण सगळे पाच-पाच मार्कांचे.

शिवाय अंदाज चुकला असेल तर? अडुसष्ट हा काही दुर्मीळ आकडा नव्हे. तीनपैकी तिन्ही खरे असू शकतात.

पण दुसरा प्रश्न होताच, आणि तो मॅडमनीच काढला. ‘ठीक आहे, माणूस नाही शोधत. पण लॉटचं काय? कुठल्या तरी लॉटचा आकडा खोटा आहे, हे मला आता माहीत झालंय. ते बी मी तसंच जाऊ देऊ?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लॅबचं काम त्यांचं, आणि उत्तरही त्यांनीच काढलं. प्रत्येक लॉटचं गार्ड सॅम्पल, म्हणजे जपून ठेवलेला नमुना, कपाटात असतो. संशयित तीन लॉट पुन्हा लावले की आठ दिवसांत उत्तर मिळेल. पण कुठले तीन लावले, हे सगळ्यांना दिसेल, आणि ज्याने लिहिलं त्याला तर लगेचच कळेल. म्हणून एप्रिलमध्ये तपासलेले सोयाबीनचे सगळे ३८ लॉट पुन्हा लावायचे. अडतीस गुणिले चारशे, म्हणजे १५,२०० बिया. एका गुंडाळीत पन्नास, म्हणजे ३०४ गुंडाळ्या. जर्मिनेटरमध्ये चालू काम सांभाळून एवढी जागा नव्हती, म्हणून दोन खेपा. मे महिन्यात, बाहेर ४२ अंश असताना, दिवसातून दोनदा वीज जाते अशा दिवसांत. एका माणसाचं नाव झाकायला एवढा खर्च. मॅडम फोनवर हिशेब करत होत्या आणि मी ऐकत होतो. शेवटी म्हणाल्या, ‘शेठला मी सांगते.’

सोमवारी टीमसमोर काय बोलायचं, यावर आम्ही बराच वेळ घातला. माझा आग्रह दोन गोष्टींचा होता. एक, बोलायचंच. वॉकर आणि स्मिदर या दोघांनी पाच वर्षं मॅनेजरांच्या अशाच फॉर्मांचा मागोवा घेतला होता, तो अभ्यास १९९९ साली छापून आला. हाताखालच्या लोकांबरोबर बसून निकालावर बोलणारे मॅनेजर न बोलणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारले, असं त्यात दिसलं. दुसरी गोष्ट अशी की माफीचं भाषण नको. साहेबाने मोठ्या मनाने माफी मागितली की समोरच्यांवर मोठ्या मनाने माफ करायची सक्ती होते.

सोमवारी चहाच्या वेळी मॅडम उभ्या राहिल्या. कागदातली दोनच वाक्यं वाचली, ड्रायव्हरचं आणि शेताचं. वाचून थांबल्या. सगळे पेपरकपात बघत बसलेले. मग सगळ्यात जुने टेक्निशियन म्हणाले, ‘तसं काही नाही मॅडम, आपलं घरच्यासारखं आहे. तुम्ही नका मनावर घेऊ.’

हा क्षण सगळ्यात धोक्याचा. माणूस इतक्या मायेने दार उघडून देतो की बाहेर पडावंसं वाटतंच. मॅडमच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, मी बघितली. पण त्या म्हणाल्या, ‘काका, तसं आहे. लिहिलंय. शेतात जा, हे मी बोलायला नको होतं. मीही तिथूनच आलेय. ते वाक्य माझ्या तोंडून पुन्हा येणार नाही. बाकी माझा आवाज लगेच बदलेल, असं मी सांगत नाही, कारण ते जमेलच असं मला वाटत नाही.’

मग त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. त्यात एक नवा रकाना होता, ‘पुन्हा’. आकडे तक्त्यात बसत नसतील, गुंडाळ्या सुकल्या असतील, वीज गेली असेल किंवा मोजणाऱ्याला नुसती शंका आली असेल, तर त्याने स्वतःच त्यात खूण करायची, कारण दोन शब्दांत लिहायचं आणि चाचणी पुन्हा लावायची. सही नाही, केबिन नाही. मॅडम रकाना बघतील तो आठवड्यातून एकदा, शनिवारी. ३८ लॉटांबद्दल एवढंच सांगितलं, की एप्रिलचं सगळं पुन्हा लावतोय आणि कुणीही काही सांगायची गरज नाही.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा त्या रकान्यात आहे. चौदा वर्षांत घडलेला आवाज एका सोमवारी बदलत नाही, आणि बदलेपर्यंत बियाणं थांबत नाही. पण चूक कळायची वाट त्या आवाजासमोरूनच जात होती. ती वाट बाजूने काढणं एका दिवसात शक्य होतं. खरं तर या सहीची गरज पहिल्यापासून नव्हतीच. चुकीला आळा बसावा म्हणून ती कधीतरी लावलेली होती.

दोन खेपा मे संपायच्या आत निघाल्या. ३८ लॉटांपैकी सदतीस पहिल्या निकालाच्या आसपासच आले, एखाद-दुसरा टक्का खाली, जो उन्हाळ्यात जातोच. एक लॉट आधी ७६ होता, तो ७१ आला. संशयित तिघांतलाच होता का, हे मी विचारलं नाही आणि मॅडमनीही सांगितलं नाही. ७१ म्हणजे नियमाने पास. पण मृग लागेपर्यंत गोदामात तो सत्तरच्या खाली उतरेल, असा मॅडमचा हिशेब. लॉटला अजून औषध लावलेलं नव्हतं, म्हणून बियाण्यातून काढून तेलाच्या गिरणीला दिला. साठचे अडुसष्ट झाले तो लॉट हाच, असं कुणी सांगू शकत नाही.

जून फार वाईट गेला. पेरणीची घाई, गाड्या दारात, आणि दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी एका पोराला सगळ्यांसमोर ‘डोकं...’ इथपर्यंत म्हटलं आणि ओठ आवळले. वाक्य अर्धं राहिलं, पण उरलेलं सगळ्यांना पाठ होतंच.

जुलैत शेठनी मला फोन केला. नाराज होते. एप्रिल महिन्यात लॅबने दोन चाचण्या पुन्हा लावल्या होत्या, जूनमध्ये अकरा. ‘तुम्ही आलात आणि लॅब बिघडली,’ असं त्यांचं सरळ म्हणणं. मी त्यांना एमी एडमंडसन यांच्या १९९६ सालच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. दवाखान्यांतल्या औषधांच्या चुका मोजायला गेल्यावर त्यांना दिसलं, की ज्या वॉर्डांत माणसांचं एकमेकांशी चांगलं जमतं, तिथेच चुकांचा आकडा जास्त आहे. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. शेठनी ऐकून घेतलं. ‘अकरा गुणिले आठ दिवस,’ म्हणाले, ‘हे कुणी भरायचं?’ प्रश्न रास्त आहे. मॅडमनी त्यांना रजिस्टर नेऊन दाखवलं. अकरापैकी सात ठिकाणी कारण एकच होतं, ‘वीज, वरचा कप्पा सुकला’. ऑगस्टमध्ये जर्मिनेटरला इन्व्हर्टर बसला. कुणी तोंडाने सांगितलं असतं तर तो दोन वर्षांपूर्वीच बसला असता, असं मॅडम म्हणाल्या. मला तेवढी खात्री नाही. शेठना मी ओळखतो.

सप्टेंबरमध्ये तेच फॉर्म पुन्हा भरून घेतले, तीच दहा विधानं, तीच निळी पेनं. या वेळी टाइप करताना आकडे, तारखा, कप्पे सगळं काढलं. ‘न घाबरता सांगू शकतो’ याची सरासरी २.४ वरून ३.३ वर गेली. १ कुणीच दिला नाही, २ अजून दोघांचे होते. मोकळ्या उत्तरांत ‘पुन्हा’च्या रकान्याचं कौतुक तिघांनी केलं होतं. आणि एक उत्तर असं होतं:

‘मॅडम आता पहिल्यासारखं बोलत नाहीत. गप्प बसतात. तेव्हा जास्त भीती वाटते.’

मॅडमनी ते वाचलं, कागद टेबलावर उलटा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. ‘आता बोलू का नको, ते तरी सांगा.’

मी काहीतरी सांगायला लागलो होतो. तेवढ्यात दारात एक पोरगा रजिस्टर घेऊन उभा राहिला. सही लागत नव्हती, तरी आला होता. चौथ्या भागाची रोपं नॉर्मल म्हणू की नको, हे त्याला ठरत नव्हतं. मॅडम उठल्या आणि त्याच्या मागोमाग मोजणीच्या टेबलाकडे गेल्या. बराच वेळ दोघं भिंगातून एकाच मुळाकडे बघत होते. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही.